आधी कान, मग यू-पिन

आज नवा लॅपटॉप घेतला तर त्यात डिस्क घालायची जागाच नसते. घरातल्या डिस्क मात्र कुठेही गेलेल्या नाहीत. लग्नाची, मुंजीची, एकसष्टीची डीव्हीडी स्टुडिओवाल्याने जाड प्लॅस्टिकच्या डबीत घालून दिलेली असते. एमआरआयच्या फाइलीत एक सीडी असते. विद्यापीठात सादर केलेल्या प्रबंधाची प्रत सीडीवर असते. त्यातली एखादी बघायची वेळ आली की माळ्यावरचा जुना डेस्कटॉप खाली उतरतो, धूळ झटकली जाते, बटण दाबलं जातं आणि ट्रे बाहेर येत नाही. कधी ट्रे येतो, पण आत घातलेली डिस्क आहे हे ड्राइव्ह कबूलच करत नाही. ‘ड्राइव्ह गेला’ असा निकाल घरातल्या घरात लागतो आणि तो भंगारात जातो. कधी कधी आत अडकलेल्या डिस्कसकट जातो.

ही पुस्तिका अशा ड्राइव्हसाठी आहे. तिच्या आधी चार गोष्टी सांगायला मला बोलावलं गेलं, तेव्हा मी एक अट घातली. सगळ्या प्रकारच्या ड्राइव्हबद्दल मी थोडं थोडं बोलणार नाही. डेस्कटॉपच्या कॅबिनेटमध्ये बसतो तो सव्वापाच इंची, जाडजूड डीव्हीडी रायटर घेईन आणि त्याच्याशीच राहीन. लॅपटॉपमधल्या पातळ ड्राइव्हची रचना वेगळी असते. त्याचा उल्लेख लागेल तिथे येईल.

‘ट्रे उघडत नाही’ आणि ‘डिस्क वाचत नाही’ या तक्रारी लोक एकाच दमात सांगतात. पहिली जवळजवळ नेहमीच यांत्रिक असते आणि तिचा खर्च किरकोळ असतो. दुसरी प्रकाशाची असते. ती कधी पाच मिनिटांत सुटते, कधी मुळीच सुटत नाही. या दोन्ही एकमेकींचं सोंगही घेतात, आणि गोंधळ तिथेच होतो. म्हणून हात लावण्याआधी ड्राइव्ह नेमका कुठल्या पायरीवर थांबतो ते ओळखायला हवं. त्याला उपकरण लागत नाही. कान लागतात.

बटण दाबल्यावर आत काय होतं ते आधी पाहू. ट्रे ओढण्यासाठी समोरच्या बाजूला एक छोटी मोटर असते. तिच्या दांड्यावर एक बारीक कप्पी, शेजारी एक मोठी कप्पी, आणि दोघींवरून गेलेला रबराचा बेल्ट. तो दिसायला केसांच्या रबरासारखा, पण चौकोनी कापाचा आणि जेमतेम मिलिमीटरभर जाड असतो. मोठ्या कप्पीपासून पुढे प्लॅस्टिकची दातेरी चाकं, आणि शेवटचं चाक ट्रेच्या कडेच्या दात्यांत अडकलेलं. इतक्यावर ट्रे आत-बाहेर व्हायला हरकत नाही. पण याच मोटरला आणखी एक काम दिलेलं असतं, आणि ते जास्त जड आहे.

डिस्क ट्रेवर नुसती ठेवलेली असताना फिरवता येत नाही. तिला खालून फिरवणाऱ्या मोटरचा गड्डा आणि वरून एक चपटी चकती अशा दोघांनी मधोमध धरावं लागतं. ही पकड चुंबकाची असते. ट्रे आत गेला की फिरवणारी मोटर, लेन्स आणि तिची सरकणारी गाडी ज्या चौकटीवर बसवलेली असते ती अख्खी चौकट वर उचलली जाते, डिस्क ट्रेवरून किंचित उचलते आणि वरची चकती खटकन येऊन चिकटते. उघडताना हेच उलट्या क्रमाने. म्हणजे ट्रे एक मिलिमीटरही सरकण्याआधी चौकट खाली आणायची आणि चुंबकाची पकड तोडायची. बेल्टवर सगळ्यात जास्त ताण येतो तो या पहिल्या क्षणी. पकड सुटली की पुढचा ट्रे हलका असतो.

वर्षानुवर्षं बंद पडून असलेला ड्राइव्ह उघडत का नाही, याचं उत्तर इथे आहे. बेल्ट सतत ताणलेला राहतो आणि रबर हळूहळू तोच आकार धरतं. काढून टेबलावर ठेवला तर तो गोल राहत नाही, दोन कप्प्यांच्या मापाचा लांबोडका होऊन बसतो. शिवाय पृष्ठभाग गुळगुळीत, चकचकीत होतो. असा बेल्ट हलका ट्रे ओढू शकतो, पण चुंबक तोडायच्या क्षणी कप्पीवरून घसरतो. मोटर फिरते, बेल्ट जागच्या जागी घासतो, ड्राइव्हचं सर्किट दोन-तीन सेकंद वाट पाहतं आणि नाद सोडून देतं.

यातून एक चमत्कारिक लक्षण निघतं. रिकामा ड्राइव्ह उघडत नाही, पण आत डिस्क असेल तर उघडतो. ऐकणाऱ्याला हे खोटं वाटतं. कारण साधं आहे. डिस्कची जाडी १.२ मिलिमीटर. ती मध्ये असली की चुंबक आणि लोखंड यांच्यातलं अंतर तेवढं वाढतं, ओढ कमी होते आणि म्हाताऱ्या बेल्टला ती झेपते. २००५ साली आलेल्या एक्सबॉक्स ३६० या खेळयंत्राच्या मालकांमध्ये हे लक्षण इतकं प्रसिद्ध झालं, की पुष्कळांनी आत कायम एखादी डिस्क ठेवायची सवयच लावून घेतली. तात्पुरती सोय म्हणून मलाही ती मान्य आहे. आणि निदान म्हणून तर तिला तोड नाही. डिस्क असताना उघडतो आणि रिकामा असताना अडतो, एवढं कळलं की मी इतर काही तपासत बसत नाही, बेल्टच पाहतो.

आता कानांकडे वळू. बटण दाबल्यावर दिवा लुकलुकला, आतून बारीक ‘घुर्र’ आवाज आला आणि मग शांतता, तर मोटरला वीज मिळते आहे, आज्ञाही पोचली आहे, फक्त जोर पुढे जात नाही. बेल्ट. ट्रे दोन मिलिमीटर पुढे येऊन परत आत गेला, तरी बेल्टच, किंवा ट्रेच्या वाटेत काहीतरी अडकलं आहे. दिवा लागत नाही, आवाज नाही, काहीच नाही, तर ड्राइव्ह उघडायच्या आधी मागची विजेची पिन ओढून पाहा. माळ्यावरून उतरताना ती सैल झालेली असते. आणि दिवा सतत पेटलेला, आत टकटक चालू, बटणाला दाद नाही, असं असेल तर ड्राइव्ह डिस्क वाचायच्या प्रयत्नात गुंतला आहे. त्याला अर्धा मिनिट द्या.

एक शक्यता संगणकाच्या बाजूचीही आहे. एखादा प्रोग्राम डिस्क वापरत असला किंवा डिस्क रेकॉर्ड करणारं सॉफ्टवेअर मध्येच बंद पडलं असलं, तर संगणक ड्राइव्हला ‘दार उघडू नकोस’ असं सांगून ठेवतो. मग बटण दाबून काहीही होत नाही आणि मोटरचा आवाजही येत नाही. याची परीक्षा सोपी आहे. संगणक बंद करून पुन्हा चालू करा आणि विंडोज यायच्या आधी, पहिली अक्षरं पडद्यावर दिसत असतानाच बटण दाबा. तेव्हा ट्रे उघडला तर ड्राइव्ह निर्दोष आहे. लिनक्स असेल तर कुलूप काढून ट्रे बाहेर मागता येतो:

```
eject -i off /dev/sr0
eject /dev/sr0
```

हे सगळं करूनही ट्रे आतच असेल, तर यू-पिनची पाळी.

ड्राइव्हच्या तोंडावर, ट्रेच्या झाकणाखाली, एक बारीक छिद्र असतं. त्याचं काम बनवणाऱ्यांनी ठरवूनच ठेवलेलं आहे, पण लोक त्याला हवेचं भोक समजतात. जुन्या ड्राइव्हवर शेजारी हेडफोनची खाच आणि आवाजाचं चक्रही असतं. ते सोडून सगळ्यात बारीक छिद्र ते हे. आधी संगणक बंद करून विजेची पिन काढायची आणि मिनिटभर थांबायचं. हा थांबा सोडू नका. ५२एक्सवर सीडी मिनिटाला सुमारे दहा हजार फेरे घेते, आणि फिरत्या डिस्कवर ट्रे ओढला तर डिस्क घासून निघते, तडा गेलेली असेल तर फुटतेही.

मग ऑफिसातली साधी यू-पिन सरळ करून घ्या. टाचणी चालत नाही, ती आखूडही असते आणि वाकतेही. तार छिद्रात अगदी सरळ घाला, तिरकी नको. काही सेंटीमीटर आत गेल्यावर तिला कशाचा तरी अडथळा लागतो. तो चौकट वर-खाली करणाऱ्या सरकपट्टीचा असतो. सावकाश, पण ठामपणे दाबा. मोटर आणि बेल्ट करू शकले नाहीत ते काम आता तुमचा हात करतो आहे. चौकट खाली येते, चुंबक सुटतो आणि ट्रे बोटभर पुढे येतो. पुढचा बोटांनी धरून ओढायचा. तार नरम लागली आणि काहीच घडलं नाही, तर ती सरकपट्टीला न लागता बाजूने गेली आहे. बाहेर काढून पुन्हा घाला. जोर वाढवू नका. पातळ लॅपटॉप ड्राइव्हमध्ये बेल्टही नसतो आणि चुंबकाची पकडही नसते. तिथे ट्रे स्प्रिंगने बाहेर ढकलला जातो आणि खिट्टीने अडवलेला असतो. त्याचं छिद्र ती खिट्टीच सोडतं, म्हणून तिथे एका हलक्या दाबात ट्रे टुणकन बाहेर येतो.

यू-पिनने ट्रे निघाला याचा अर्थ ड्राइव्ह दुरुस्त झाला असा नाही. डिस्क सुटली, एवढंच.

चिपळूणच्या एका निवृत्त शिक्षिका बाईंचा रायटर माझ्याकडे आला होता. त्यात मुलाच्या मुंजीची डीव्हीडी अडकली होती. एका दुकानात त्यांना ‘ड्राइव्ह फोडून डिस्क काढू’ असं सांगण्यात आलं होतं. बाई म्हणाल्या, “फोडायची असती तर मीच फोडली असती, इतकी वर्षं कशाला ठेवली असती?” बटण दाबलं. दिवा लुकलुकला, घुर्र झालं, शांतता. वीज काढली, यू-पिन घातली, ट्रे बोटभर आला, डीव्हीडी बाहेर. मग वीज जोडून रिकामा ट्रे आत ढकलला आणि बटण दाबलं. नाही उघडला. पुन्हा यू-पिनने बाहेर काढून एक टाकाऊ सीडी ठेवली. या वेळी एक हिसका बसून ट्रे आपोआप बाहेर आला. निदान संपलं.

ट्रे पूर्ण बाहेर ओढला की बहुतेक जाड ड्राइव्हमध्ये त्या दोन कप्प्या समोरच दिसतात, आणि बारीक चिमट्याने बेल्ट काढता येतो. बाईंच्या ड्राइव्हमधला बेल्ट लांबोडका झाला होता. नवा आणायचा तर माप लागतं, आणि जुन्या बेल्टवरून माप घेणं हा हमखास फसणारा मार्ग आहे, कारण तो ताणून मोठा झालेला असतो. माप कप्प्यांवरून घ्यावं. मी दोन्ही कप्प्यांभोवती शिवणाचा दोरा गुंडाळला, तो जुळतो तिथे खूण केली आणि पट्टीवर मोजला. ७८ मिलिमीटर भरले. बेल्ट बसवल्यावर थोडा ताणलेला हवा, म्हणून त्यातून पाच-सहा टक्के वजा करायचे. उरले साधारण ७३. त्याला ३.१४ ने भागलं की २३ मिलिमीटर. हा बेल्टचा आतला व्यास. कॅसेट प्लेअरचे सुटे भाग विकणाऱ्याकडे, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत, ‘२३चा चौकोनी’ असं मागितलं की वेगवेगळ्या मापांच्या बेल्टांची पिशवीच पुढे येते. फार घट्ट घेतलात तर मोटरच्या दांड्यावर बाजूने ताण येतो आणि ती कुरकुरत फिरते. एक माप सैल आणि एक माप घट्ट असा पर्याय असेल तर मी थोडा घट्ट घेतो, पण एका मापापलीकडे जात नाही.

बेल्ट घालण्याआधी दोन्ही कप्प्या अल्कोहोलच्या बोळ्याने पुसाव्यात. जुन्या रबराचा काळा थर तिथे बसलेला असतो आणि नवा बेल्टही त्यावर घसरतो. बेल्टला तेलकट बोट लागू देऊ नये.

यावर दोन घरगुती उपाय चालतात, त्यांच्याबद्दल माझं मत सांगून ठेवतो. जुना बेल्ट उकळत्या पाण्यात काही मिनिटं बुडवला तर तो थोडा आकसतो आणि कोरडा करून घातल्यावर ट्रे खरंच उघडतो. आज रात्रीच डिस्क काढायची असेल तर करा, पण काही दिवसांनी तो पुन्हा पूर्वपदावर येईल. दुसरा उपाय म्हणजे वह्या-पुस्तकांना लावायचं साधं रबर बँड. ते चपटं असतं, कप्पीच्या खाचेत नीट बसत नाही, आणि उन्हाळ्यात चिकट होऊन कप्पीला लागतं. मग ते खरवडून काढायला नवा बेल्ट घालण्याहून जास्त वेळ लागतो. ट्रेच्या बाजूच्या रुळांवर खोबरेल किंवा शिवणयंत्राचं तेल सोडणं तर याहून वाईट. तेल पसरतं आणि बेल्टपर्यंत पोचतं, आणि मग एरवी चांगला असलेला बेल्टही घसरतो. रूळ कोरडे वाटलेच तर प्लॅस्टिकला चालणारं पांढरं ग्रीस, तेही नखाच्या टोकाइतकं.

बाईंचा ट्रे आता रिकामा असतानाही उघडत होता. मुंजीची डीव्हीडी घातली. ड्राइव्हने ती आत घेतली, काही वेळ टिक-टिक केलं आणि डिस्क नाही असं कळवलं.

या टिक-टिकीचा अर्थ कळला की वाचनाच्या तक्रारी अर्ध्या सुटतात. डिस्क आत गेल्यावर गाडी आतल्या टोकाला सरकते, कारण डिस्कवरचा मजकूर मधून बाहेर असा लिहिलेला असतो आणि यादी सगळ्यात आत असते. मग लेसर लागतो आणि लेन्स वर-खाली होते. डिस्कवरून परत आलेला प्रकाश एका क्षणी नेमका एकवटतो, आणि तो क्षण सापडला की लेन्स तिथे स्थिर राहते, डिस्क जोरात फिरू लागते आणि वाचन सुरू होतं. लेन्स वर-खाली होऊनही तो क्षण सापडला नाही तर ड्राइव्ह पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा करतो, आणि शेवटी आत काहीच नाही असं ठरवतो. म्हणजे ‘डिस्क नाही’ या निरोपाचा खरा अर्थ बहुतेक वेळा ‘पुरेसा प्रकाश परत आला नाही’ असा असतो.

एक अपवाद इथेच नोंदवतो, कारण सोंग इथे घेतलं जातं. बेल्ट थकलेला असेल तर ट्रे आत जातो, पण चौकट पूर्ण वर चढत नाही. ट्रे बंद झाल्याची कळ दाबली जात नाही, आणि ड्राइव्ह एक तर ट्रे परत बाहेर टाकतो किंवा वाचायला सुरुवातच करत नाही. अशा वेळी टिक-टिक ऐकू येत नाही आणि चुंबकाचं ते ‘खट’ही येत नाही. तेवढा आवाज ऐकला नसेल तर लेन्सकडे वळू नका, आधी बेल्ट.

प्रकाश कमी परत येण्याला तीन जागा आहेत: डिस्क, लेन्स आणि लेसर. तपासायचं याच क्रमाने, कारण सोपं ते आधी. डिस्क मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ रेषेत पुसायची. गोल गोल नाही. मजकूर गोलाकार वाटेवर असतो, म्हणून आडवा ओरखडा प्रत्येक फेऱ्यात थोडासाच मजकूर बुडवतो आणि सीडीची चूक-दुरुस्तीची पद्धत तो भरून काढते. तिची पोच मार्गावरच्या अडीचेक मिलिमीटरपर्यंत आहे. गोलाकार ओरखडा मात्र मजकुराच्या बरोबरीने धावतो आणि ही मर्यादा सहज ओलांडतो. सीडीच्या बाबतीत छापील बाजूलाही जपा. मजकूर आणि त्याचा चकचकीत थर त्या बाजूला, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. तिथे पेनच्या टोकाने पडलेली चीर पुसून जात नाही. डीव्हीडीत तो थर प्लॅस्टिकच्या दोन चकत्यांमध्ये सुरक्षित असतो.

बाईंच्या डीव्हीडीवर बोटांचे ठसे होते. पुसले, फरक पडला नाही. चित्रपटाची छापील डीव्हीडी घातली, ती बऱ्याच टिक-टिकीनंतर वाचली गेली. हे लक्षण महत्त्वाचं आहे. छापखान्यात दाबून काढलेली डिस्क बऱ्यापैकी प्रकाश परत करते. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू जेमतेम १५ ते २५ टक्के परत करते, तर छापील सीडी सत्तर टक्क्यांच्या आसपास. घरी लिहिलेली डिस्क रंगाच्या थरावर लिहिलेली असते आणि तो थर वयाबरोबर फिका होतो. ड्राइव्हची नजर कमी होऊ लागली की आधी आरडब्ल्यू जातात, मग घरी लिहिलेल्या, आणि छापील शेवटी. ‘काही डिस्क वाचतो, काही नाही’ असं कोणी सांगितलं की मी कोणत्या ते विचारतो.

म्हणून लेन्स. ती वाटाण्याहूनही लहान असते, प्लॅस्टिकची, आणि चार बारीक तारांवर तरंगत ठेवलेली. धूळ वरून पडतेच, पण आपल्या घरांत तिच्यावर आणखी एक थर बसतो. देवघराशेजारच्या उदबत्तीचा धूर आणि स्वयंपाकघरातली फोडणी. ड्राइव्ह चालताना डिस्क पंख्यासारखी हवा फिरवते आणि ही वाफ तिथे साचते. नुसती धूळ असेल तर रबरी फुग्याच्या फुंकणीने उडते. तोंडाने फुंकू नये, थुंकीचे कण नेमके लेन्सवर पडतात. चिकट थर असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं, ९९ टक्क्यांचं मिळालं तर उत्तम. सॅनिटायझर नाही, त्यात ग्लिसरीन असतं आणि ते लेन्सवर पापुद्रा ठेवतं. नेलपॉलिश काढायचं द्रव तर अजिबात नाही, ते प्लॅस्टिकच खातं.

जाड ड्राइव्हमध्ये लेन्सपर्यंत जायचं तर वीज काढून, यू-पिनने ट्रे थोडा बाहेर घेऊन त्याचं पुढचं झाकण सोडवायचं, मग खालचे चार स्क्रू काढायचे, समोरची पट्टी खाचांतून मोकळी करायची आणि वरचा पत्रा उचलायचा. लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये हा खटाटोप नाही, ट्रे उघडला की लेन्स समोरच असते. इअरबडला अल्कोहोल लावून झटकायचं, थेंब पडता कामा नये. मग लेन्सवर मधून बाहेर एकदा अलगद फिरवायचं आणि कोरड्या बडने एकदा. लेन्स बडच्या वजनाने खाली दबली तर तुम्ही जोर जास्त लावताय. त्या तारा एकदा वाकल्या की दुरुस्ती संपली. पत्रा उघडा असताना वीज जोडून आत डोकावू नका. बंद डब्यात हा लेसर निरुपद्रवी असतो, उघड्यावर नाही. सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटरचा, म्हणजे जवळजवळ न दिसणारा, त्यामुळे तो लागला आहे हे डोळ्याला कळतही नाही.

बाजारात बारीक ब्रश चिकटवलेली ‘लेन्स क्लीनर’ सीडी मिळते. संथ फिरणाऱ्या संगीताच्या प्लेअरसाठी ती ठीक होती. संगणकाचा ड्राइव्ह डिस्क ओळखण्यासाठीच तिला जोरात फिरवतो, आणि ब्रश लेन्सवर फटकारे मारत जातो. मी ती वापरत नाही.

लेन्स पुसल्यावर मुंजीची डीव्हीडी काही क्षणांत उघडली. तिची प्रत ताबडतोब हार्ड डिस्कवर घेतली. वाचली जात असलेली जुनी डिस्क आधी पाहायची नाही, आधी उतरवायची. पाहणं नंतर, प्रतीवरून. मग बाईंनी पिशवीतून शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या गाण्यांची एक सीडी काढली. ती वाचली गेली नाही. लेन्स पुन्हा पुसली, तरी नाही. बाजारातली छापील सीडी घातली तर कधी वाचायची, कधी नाही. डीव्हीडी मात्र सगळ्या व्यवस्थित.

इथे थांबायचं असतं. डीव्हीडी रायटरमध्ये सीडीसाठी आणि डीव्हीडीसाठी वेगळे लेसर असतात, डीव्हीडीचा लाल, ६५० नॅनोमीटरचा. लेन्स मात्र बहुतेक एकच. धूळ असती तर दोघांनाही जाच झाला असता. एका जातीच्या सगळ्या डिस्क वाचतात आणि दुसऱ्या जातीच्या जवळजवळ नाहीत, याचा अर्थ दुसऱ्याचा लेसर म्हातारा झाला आहे. त्याला पुसून तरुण करता येत नाही. काही जुन्या यंत्रांत लेसरची ताकद वाढवणारा एक बारीक स्क्रू असतो आणि तो फिरवून सीडी वाचून घेणारे लोक आहेत. ती वाचते, पण उरलेलं आयुष्यही त्या स्क्रूबरोबर संपतं. मी बाईंना तो रायटर डीव्हीडीपुरता ठेवायला सांगितलं, आणि सीडी दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवून दिली.

दुसरा ड्राइव्ह आणायचा म्हणजे जुना बाजार आला, कारण जाड रायटर आता नवे फारसे दिसत नाहीत. विकणारा वीज लावून ट्रे आत-बाहेर करून दाखवतो आणि तेवढ्यावर लोक समाधान मानतात. तुम्ही ट्रे रिकामाच बंद करायला सांगा आणि पाचेक मिनिटं गप्पा मारून मग बटण दाबा. उघडला तर बेल्ट बरा आहे. मग सोबत नेलेल्या तीन डिस्क काढा: एक छापील डीव्हीडी, एक छापील सीडी आणि एक आरडब्ल्यू. आरडब्ल्यू वाचली तर लेन्स आणि तिचा लेसर दोन्ही ठीक आहेत. ती अडली आणि दोन्ही छापील वाचल्या, तर लेन्स पुसायची तयारी ठेवून भाव कमी करून मागा. आणि सीडी अडली, पण डीव्हीडी चालली, तर तो ड्राइव्ह तिथेच ठेवून पुढच्या गाळ्याकडे वळा.